अडतीस पानांची नोटीस आणि काकूंचं एक पान: वार्षिक सभेच्या सारांशाचं एक प्रकरण

(कंपनीचं नाव दिलेलं नाही. कंपनी किंवा व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून आकडे आणि काही तपशील बदलले आहेत. घडलेल्या गोष्टींचा क्रम मात्र खरा आहे.)

पार्श्वभूमी

ही गोष्ट सप्टेंबर २०२५ मधली. माझ्या मैत्रिणीच्या आईकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे, एका मध्यम आकाराच्या सूचीबद्ध उत्पादन कंपनीचे २४० शेअर्स आहेत. काकांनी पूर्वी कधीतरी घेतलेले हे शेअर्स आता काकूंच्या एकटीच्या नावावर डिमॅट खात्यात आहेत. काकू शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे आकड्यांना त्या भीत नाहीत. तरी कंपनीकडून दर वर्षी ईमेलवर येणारी वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस त्यांनी कधी उघडली नव्हती. लाभांश खात्यात जमा झाला की विषय संपायचा.

या वर्षी त्यांनी ती उघडली, दोन पानं वाचली आणि मला फोन केला. "अगं, अडतीस पानं आहेत. मला नेमकं काय विचारलंय ते एका पानात लिहून दे. आणि उत्तर कधीपर्यंत द्यायचं, तेही."

मी काही वर्षं एका कंपनी सेक्रेटरीच्या कार्यालयात अशा नोटिसांचे मसुदे तयार करण्याचं काम केलं आहे. म्हणून रविवारच्या एका संध्याकाळचं काम समजून मी ते हातात घेतलं. प्रत्यक्षात माझ्या पहिल्या सारांशात दोन चुका निघाल्या. दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं: नोटीस लिहिणाऱ्याच्या नजरेनं मी ती वाचली होती, मत देणाऱ्याच्या नजरेनं नाही.

नोटिशीत काय होतं

नोटीस ३ सप्टेंबरला ईमेलनं आली होती. सभा शुक्रवारी २६ सप्टेंबरला सकाळी ११ वाजता, व्हिडिओ कॉन्फरन्सवरून. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे नोटीस आणि सभा यांच्यात पूर्ण २१ दिवस लागतात, पाठवल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. तेवढे दिवस भरत होते. माझ्याकडे ती आली १४ तारखेला, म्हणजे अकरा दिवस काकूंच्या इनबॉक्समध्येच गेले होते.

विषय आठ होते. पहिले तीन कायद्याच्या भाषेत 'सामान्य कामकाज': हिशेबपत्रकं स्वीकारणं, लाभांश जाहीर करणं आणि पाळीपाळीनं निवृत्त होणाऱ्या एका संचालकांना पुन्हा नेमणं. पुढचे पाच 'विशेष कामकाज': खर्च लेखापरीक्षकाचं मानधन, सचिवीय लेखापरीक्षकाची पाच वर्षांसाठी नेमणूक, व्यवस्थापकीय संचालकांची पुनर्नियुक्ती, संबंधित पक्षाबरोबरचे, म्हणजे प्रवर्तक कुटुंबाच्या फर्मबरोबरचे, व्यवहार आणि कर्जाची मर्यादा वाढवणं. सचिवीय लेखापरीक्षकाचा विषय २०२५ मध्ये बहुतेक सूचीबद्ध कंपन्यांच्या नोटिशीत होता, कारण ही नेमणूक भागधारकांच्या मंजुरीनं करावी असा सेबीचा नियम त्या वर्षी लागू झाला होता.

इथे शब्दांचा एक घोळ आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक नवख्या वाचकाचा होतो. 'विशेष कामकाज' वेगळं, 'विशेष ठराव' वेगळा. विशेष कामकाजातला विषय साध्या ठरावानंही मंजूर होऊ शकतो. साध्या ठरावाला विरोधापेक्षा जास्त मतं मिळाली की पुरे. विशेष ठरावाला मात्र बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात, म्हणजे दिलेल्या मतांपैकी ७५ टक्के. या नोटिशीत विशेष कामकाजाचे पाच विषय होते आणि विशेष ठराव फक्त दोन: सहावा, व्यवस्थापकीय संचालकांचा, आणि आठवा, कर्जमर्यादेचा.

मुख्य विषयपत्रिका जेमतेम चार पानांची. त्यानंतर कलम १०२ खालचं स्पष्टीकरणात्मक निवेदन, मग लॉगिनच्या आणि सभेला हजर राहण्याच्या सूचना, संचालकांची माहिती, लाभांशावरच्या कराची टिपणी. मजकुराचा खरा गाभा त्या निवेदनात असतो. ठरावाचं वाक्य वकिली असतं आणि अर्ध्या पानभर चालतं. त्यात कुणाला, किती आणि का याची उत्तरं बहुधा नसतात.

अडचण

वरवर पाहिलं तर काम सोपं होतं: आठ विषय, प्रत्येकाची दोन ओळींत ओळख, शेवटी तारखा. पण बसल्यावर लक्षात आलं की एका पानात सगळं समान मापानं मांडलं तर काकूंना काहीच कळणार नाही. खर्च लेखापरीक्षकाच्या मानधनाला जेवढी जागा, तेवढीच प्रवर्तकांच्या फर्मबरोबरच्या व्यवहाराला दिली, तर सारांश अचूक झाला असता आणि निरुपयोगीही.

दुसरी अडचण तारखांची. नोटिशीत त्या एका जागी नव्हत्या. मी पेन्सिलनं खुणा करत गेले तेव्हा सहा सापडल्या: कराची कागदपत्रं पाठवायची १० सप्टेंबर, लाभांशासाठीची रेकॉर्ड डेट १२ सप्टेंबर, मतदानाच्या हक्कासाठीची कट-ऑफ १९ सप्टेंबर आणि सभेत बोलायचं असेल तर नोंदणीची शेवटची तारीख तीच, ई-मतदान सुरू २३ सप्टेंबरला सकाळी ९ वाजता, बंद २५ सप्टेंबरला संध्याकाळी ५ वाजता, आणि सभा २६ला. यातल्या काही तारखांना भागधारकानं काहीतरी करायचं असतं. काहींना काहीच करायचं नसतं, कंपनी फक्त त्या दिवशीची यादी पाहते. नोटीस हा फरक सांगत नाही, कारण लिहिणाऱ्याला तो माहीतच असतो.

पर्याय

मी तीन रचनांचा विचार केला.

पहिली म्हणजे नोटिशीचा क्रम जसाच्या तसा ठेवून प्रत्येक विषय छोटा करणं. सुरक्षित, पण वर म्हटलेला समान मापाचा दोष त्यात होताच.

दुसरी म्हणजे महत्त्वाचे विषय आधी, किरकोळ नंतर. वाचायला सोपी. मी हीच निवडली, आणि निवड चुकली. कशी, ते पुढे येईलच.

तिसरी म्हणजे प्रत्येक ठरावापुढे 'बाजूने' किंवा 'विरोधात' असं माझं मत लिहून देणं. काकूंना खरं तर हेच हवं होतं. "तुला कळतं ना, मग तूच सांग." मी नकार दिला. भागधारकांना मत कसं द्यावं याचा सल्ला देणं हा सेबीच्या नोंदणीखाली चालणारा व्यवसाय आहे, हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे नोटिशीतून मला फक्त कंपनीची बाजू दिसत होती. मानधन योग्य की अयोग्य हे ठरवायला आणखी बरंच वाचावं लागलं असतं आणि ते मी वाचलेलं नव्हतं. म्हणून मत सांगण्याऐवजी प्रत्येक महत्त्वाच्या विषयाखाली एक प्रश्न लिहायचं ठरवलं, ज्याचं उत्तर काकू स्वतः ठरवू शकतील.

पहिला मसुदा आणि तो कुठे फसला

रविवारी रात्री एक पान पाठवलं. वरच्या भागात 'महत्त्वाच्या तारखा' या मथळ्याखाली सहाही तारखा क्रमानं. खाली विषय माझ्या क्रमानं, १ ते ८ असे नवे आकडे घालून. संबंधित पक्षाचा व्यवहार पहिला, व्यवस्थापकीय संचालक दुसरे, कर्ज तिसरं, मग उरलेले.

शुक्रवारी, १९ तारखेला संध्याकाळी काकूंचा फोन. आवाजात घाई. "आज शेवटचा दिवस आहे ना? मी तासभर शोधतेय, मत द्यायची जागाच सापडत नाही." त्यांनी 'कट-ऑफ' हा शब्द वाचून आजनंतर मत देता येणार नाही असा अर्थ काढला होता. आणि काढणारच. कट-ऑफ म्हटलं की कुणालाही शेवटची मुदतच वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी ज्याच्या नावावर जितके शेअर्स आहेत तितकी मतं त्याला मिळतात, एवढाच त्याचा अर्थ. नियमाप्रमाणे ही तारीख सभेच्या आधी सात दिवसांपेक्षा जास्त लांब ठेवता येत नाही. काकूंना १९ला काहीही करायचं नव्हतं. मतदान सुरूच व्हायचं होतं.

दुसरी चूक मंगळवारी कळली. २३ला सकाळी त्यांनी ई-मतदानाची सोय देणाऱ्या एनएसडीएलच्या पानावर लॉगिन केलं. डाव्या हाताला माझा कागद. पडद्यावर ठराव नोटिशीच्या क्रमांकानं आणि लहान इंग्रजी शीर्षकांसह दिसत होते. माझ्या पानावर संबंधित पक्षाचा व्यवहार क्रमांक १ होता. पडद्यावर क्रमांक १ म्हणजे हिशेबपत्रकं. माझा ४ तिथे ३ होता, माझा २ तिथे ६. काकूंनी विरोधात मत द्यायचं ठरवलेला आकडा पाहून पहिल्या ठरावासमोर 'Dissent' निवडलंही होतं. 'Submit' दाबल्यावर खात्रीचा प्रश्न आला तेव्हा त्या थबकल्या आणि मला फोन केला.

"हिशेबपत्रकांना मी कशाला विरोध करू? तुझा पहिला तिकडे सातवा आहे का गं?"

होता. 'Confirm' दाबलं असतं तर ते मत बदलता आलं नसतं. ई-मतदानात एकदा नक्की केलेलं मत अंतिम असतं. सभेला हजर राहता येतं, पण तिथे पुन्हा मत देता येत नाही. मी त्यांना बाहेर पडायला सांगितलं. मत नोंदवलं गेलं नव्हतं. २५ च्या संध्याकाळपर्यंत वेळ होता.

दुसरा मसुदा

त्या रात्री पान नव्यानं लिहिलं. दोन निर्णय बदलले आणि एक नवा घेतला.

पहिला बदल तारखांचा. सहा तारखांचे दोन गट केले: 'तुम्ही काही करायचं आहे' आणि 'तुम्ही काहीच करायचं नाही'. पहिल्या गटात काकूंसाठी एकच ओळ उरली: २३ सप्टेंबर सकाळी ९ ते २५ सप्टेंबर संध्याकाळी ५, या वेळात मत द्या. सभेत बोलायची नोंदणी १९लाच संपली होती आणि त्यांना बोलायचंही नव्हतं. कराची कागदपत्रं पाठवायची १० तारीख तर नोटीस माझ्याकडे येण्याआधीच गेली होती. पण लाभांश शेअरमागे ४ रुपये, म्हणजे २४० शेअर्सना ९६० रुपये. एका कंपनीकडून वर्षभरात मिळणारा लाभांश १० हजार रुपयांच्या आत असेल तर निवासी व्यक्तीच्या लाभांशातून त्या वर्षी कर कापला जात नव्हता. त्यामुळे ती चुकलेली तारीख काकूंच्या बाबतीत बिनमहत्त्वाची ठरली. पहिल्या मसुद्यात मी ती न तपासता टाकली होती आणि काकूंनी दोन दिवस "आपलं काही राहिलं का" या काळजीत काढले होते.

लाभांशाबद्दल नोटिशीत '४० टक्के' असंही लिहिलेलं होतं. ते शेअरच्या दहा रुपयांच्या दर्शनी मूल्यावर असतं, बाजारभावावर नाही. म्हणून सारांशात टक्केवारी काढून फक्त रुपये ठेवले.

दुसरा बदल क्रमांकांचा. नोटिशीतले आकडे परत आणले, १ ते ८, त्याच क्रमानं. महत्त्वाच्या विषयांना जागा जास्त दिली आणि किरकोळ विषय एका ओळीत उरकले. क्रम मात्र हलवला नाही. प्रत्येक विषयासमोर पडद्यावर दिसणाऱ्या इंग्रजी शीर्षकाचे पहिले दोन शब्दही लिहिले, म्हणजे काकूंना डोळ्यांनी जुळवता येईल.

नवा निर्णय असा: प्रत्येक ठरावाचा सारांश ठरावाच्या वाक्यावरून करायचा नाही, निवेदनावरून करायचा. यानंच पानाचा कस बदलला. सहावा आणि सातवा विषय जरा तपशिलात सांगते.

*सहावा विषय.* शीर्षक होतं 'व्यवस्थापकीय संचालकांची पुनर्नियुक्ती'. पहिल्या मसुद्यात मी 'तीन वर्षांसाठी पुन्हा नेमणूक, विशेष ठराव' असं लिहून सोडलं होतं. निवेदनात पगाराचा तक्ता होता: मूळ वेतन, भत्ते, निव्वळ नफ्यावर कमिशन. आणि शेवटी एक ओळ, की एखाद्या वर्षी नफा झाला नाही किंवा अपुरा झाला तरी हेच वेतन किमान वेतन म्हणून दिलं जाईल. नफ्याच्या प्रमाणात कायद्यानं घातलेल्या मर्यादा ओलांडल्या जाण्याची शक्यता असते तेव्हा विशेष ठराव घ्यावा लागतो. काकूंच्या दृष्टीनं विषयातला मुद्दा तोच. म्हणजे हा नुसता नेमणुकीचा विषय नव्हता. नेमणूक आणि तोट्यातही मिळणारं वेतन, असे दोन प्रश्न एका ठरावात बांधलेले होते आणि त्यांना एकच उत्तर देता येत होतं. सारांशात मी तसंच लिहिलं: 'माणूस ठेवायचा आणि पगार कमी करायचा, असं मत इथे देता येत नाही.'

*सातवा विषय.* हा साधा ठराव, म्हणून नजरेतून सुटणारा. ठरावाच्या वाक्यात फर्मचं नाव आणि 'निवेदनात दिलेल्या अटींवर' एवढंच. निवेदनात पंधरा ओळींचा तक्ता. तो मी पाच उत्तरांत बसवला. कुणाबरोबर: प्रवर्तक कुटुंबाच्या मालकीची एक खाजगी फर्म. कशासाठी: कच्च्या मालाची खरेदी. किती: एका वर्षात १८० कोटी रुपयांपर्यंत. केव्हापर्यंत: पुढच्या वार्षिक सभेपर्यंत, पण जास्तीत जास्त पंधरा महिने. कुणाचा संबंध: व्यवस्थापकीय संचालक आणि त्यांचे दोन नातेवाईक. हे शेवटचं उत्तर प्रत्येक विषयाच्या निवेदनाच्या अगदी शेवटच्या वाक्यात सापडतं, 'यांच्याशिवाय कोणत्याही संचालकाचा या ठरावात हितसंबंध नाही' अशा थाटाचं. नोटीस वाचायला वेळ कमी असेल तर मी आधी हीच वाक्यं वाचते.

कंपनीची उलाढाल सुमारे ९०० कोटी. म्हणजे मर्यादा उलाढालीच्या २० टक्के. त्या वेळच्या नियमाप्रमाणे एक हजार कोटी किंवा उलाढालीच्या १० टक्के, यातली जी रक्कम कमी असेल तिच्यापुढचा व्यवहार 'महत्त्वाचा' ठरून भागधारकांकडे यायचा. इथे सीमा ९० कोटींची होती, त्यामुळे ठराव आणणं भागच होतं. आधीच्या वर्षी त्या फर्मकडून प्रत्यक्षात ६२ कोटींचीच खरेदी झाली होती, हेही तक्त्यात होतं. १८० कोटी ही मर्यादा आहे, होणारा खर्च नाही. तरी जवळजवळ तिप्पट मर्यादा का मागितली, याचं कारण निवेदनात एका मोघम वाक्यात गुंडाळलं होतं: 'व्यवसायाच्या अपेक्षित गरजा लक्षात घेऊन'. मी काकूंसाठी प्रश्न लिहिला: 'मालाची किंमत बाहेरच्या पुरवठादाराइतकीच आहे, हे कंपनीनं कशावरून दाखवलं आहे?' निवेदनात लेखापरीक्षण समितीनं मान्यता दिल्याचं आणि व्यवहार बाजारभावानं असल्याचं लिहिलं होतं. तुलनेचे दर दिलेले नव्हते.

मग ती गोष्ट, जी काकूंना सगळ्यात आवडली. सेबीच्या सूचीकरणाच्या नियमांनुसार अशा ठरावाच्या बाजूने संबंधित पक्षांना मत देता येत नाही. या विशिष्ट फर्मशी ज्यांचा थेट संबंध नाही असे संबंधित पक्षही त्यात आले. म्हणजे प्रवर्तकांचे ५८ टक्के शेअर्स बाजूला. निर्णय उरलेल्या भागधारकांचा. "म्हणजे वर्गातल्या मॉनिटरच्या निवडणुकीत मॉनिटरच्या भावंडांनी मत द्यायचं नाही," काकू म्हणाल्या. बरोबर. फक्त इथे भावंडांकडे निम्म्याहून जास्त मतं होती.

आठवा विषय, कर्जाची मर्यादा ४०० कोटींवरून ७०० कोटींवर नेण्याचा, मी तीन ओळींत ठेवला: ही परवानगी आहे, कर्ज नाही, भरणा झालेलं भांडवल, मोकळा राखीव निधी आणि शेअर प्रीमियम यांच्या बेरजेपलीकडे कर्ज काढायचं तर विशेष ठराव लागतो, सध्याचं कर्ज ३१० कोटी.

अंतिम पानाचा वरचा भाग असा होता:

> तुम्ही करायचं: २३ सप्टेंबर सकाळी ९ ते २५ सप्टेंबर संध्याकाळी ५ या वेळात ई-मतदान. सगळ्या ठरावांवर मत देणं बंधनकारक नाही. 'Confirm' नंतर बदल नाही.
> करायचं नाही: १२ सप्टेंबर (लाभांशाची यादी) आणि १९ सप्टेंबर (मतदारयादी). दोन्ही दिवशी तुमच्या नावावर २४० शेअर्स होते, पुरे.
> लाभांश: ४ रुपये × २४० = ९६० रुपये, ठराव मंजूर झाल्यावर ३० दिवसांत.
> क्रमांक: खालचे आकडे पडद्यावरचेच आहेत. ६ आणि ८ ला ७५ टक्के लागतात. ७ मध्ये प्रवर्तकांना बाजूने मत देता येत नाही.

निकाल

काकूंनी २४ला दुपारी मत दिलं. सात मिनिटं लागली, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं. कोणत्या ठरावाला काय दिलं ते मी विचारलं नाही.

सूचीबद्ध कंपनीला मतदानाचा निकाल सभेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत शेअर बाजाराला कळवावा लागतो. तो सोमवारी, २९ तारखेला आला. आठही ठराव मंजूर. पण निकालाच्या तक्त्यात प्रवर्तक, संस्था आणि इतर भागधारक अशी मतं वेगळी दाखवलेली असतात, आणि काकूंनी तो तक्ता स्वतः उघडून वाचला. एकूण शेअर्सपैकी प्रवर्तकांचे ५८ टक्के आणि बाहेरच्या भागधारकांचे फक्त २६ टक्के, एवढ्यांवर मतदान झालं होतं. बाहेर उरलेले १६ टक्के गप्प.

सहाव्या ठरावावर त्या २६ पैकी १५ विरोधात, ११ बाजूने. प्रवर्तकांचे ५८ मिळवले की बाजूला ६९, एकूण ८४. म्हणजे ८२ टक्के, विशेष ठराव आरामात मंजूर. बाहेरच्या मतदारांतल्या बहुमतानं नाही म्हटलं तरी. सातव्यावर प्रवर्तकांना बाजूने मत देता येत नव्हतं आणि त्यांनी विरोधातही दिलं नाही. तेव्हा १५ बाजूने, ११ विरोधात, म्हणजे सुमारे ५८ टक्के. तोही मंजूर, पण काठावरून.

"म्हणजे सातव्यात माझं एक मत सहाव्यातल्या मतापेक्षा सव्वातीनपट मोठं होतं," काकूंनी फोनवर हिशेब केला. ८४ भागिले २६, ३.२३. बरोबर होता. २४० मतांनी निकाल हलत नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पण कुठल्या रकान्यात आपली मतं कशी मोजली जातात हे कळल्यावर त्या तक्ता वाचू लागल्या.

वेगळं काय करता आलं असतं

क्रमांक न बदलणं हे सगळ्यात आधी. सारांश करताना महत्त्वाचं वर आणायचा मोह होतो, आणि इतर कागदपत्रांत तो योग्यही असतो. पण जिथे वाचकाला दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या क्रमानं, न बदलता येणारं उत्तर द्यायचं आहे, तिथे मूळ क्रमांक म्हणजे पत्ता आहे. महत्त्व दाखवायला जागा आणि ठळक अक्षरं पुरतात.

'कट-ऑफ' हा शब्द मी आता सारांशात वापरतच नाही. 'मतदारयादीची तारीख' म्हणते. नोटिशीत शोधायला सोपं जावं म्हणून मूळ शब्द तिच्याखाली बारीक अक्षरांत ठेवते.

मतदान सुरू व्हायच्या आधी मी काकूंबरोबर एकदा लॉगिन करून पाहायला हवं होतं. डिमॅट खात्यातून जायचं की एनएसडीएलच्या आयडियाज सेवेतून, पासवर्ड चालतो का, या गोष्टी २५ च्या दुपारी कळण्यात अर्थ नसतो. यावेळी पासवर्ड चालला.

आणि ज्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही असा एक मुद्दा. सातव्या विषयाखालचा माझा प्रश्न, दर कशावरून ठरवले, तटस्थ नव्हता. सहाव्या विषयाखाली मी 'कंपनीचा नफा गेल्या तीन वर्षांत कसा आहे?' असं विचारलं होतं, तोही नव्हता. प्रश्न निवडण्यातच कल दिसतो. काकूंनी तो ओळखला असावा, कारण मत दिल्यावर त्यांनी मला एवढंच लिहिलं: "सगळे प्रश्न विरोधाच्या बाजूचेच का होते गं?"

पुढच्या वर्षीच्या पानासाठी मी प्रत्येक मोठ्या विषयाखाली दोन प्रश्न लिहून पाहणार आहे: एक कंपनीच्या जागी बसून, एक काकूंच्या.